बक्षीसपत्र, वचनपत्र आणि कलम २३: छतरपूरच्या एका मिळकतीचा दावा

मध्य प्रदेशातल्या छतरपूरमध्ये एका बाईंनी जानेवारी १९६८ मध्ये एक मिळकत विकत घेतली. तब्बल एक्कावन्न वर्षं ती त्यांच्या नावावर राहिली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांनी ती मुलाला बक्षीस दिली आणि दोन दिवसांनी बक्षीसपत्राची नोंदणी झाली. त्यानंतर सव्वा वर्षात, २४ डिसेंबर २०२० रोजी, त्याच बाईंनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मुलगा आणखी मिळकत नावावर करून मागतो, त्यासाठी माझ्यावर आणि माझ्या यजमानांवर हल्ला केला, प्रेम-आपुलकी काही उरलेली नाही, तेव्हा बक्षीसपत्र रद्द करा, असा तो अर्ज होता.

अशा तक्रारी प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतील. हे प्रकरण अभ्यासण्यासारखं ठरतं ते त्याच्या निकालांच्या चढउतारामुळे. दंडाधिकाऱ्यांनी बक्षीसपत्र रद्दबातल ठरवलं. मुलाचं अपील जिल्हाधिकाऱ्यांनी एप्रिल २०२२ मध्ये फेटाळलं. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ऑगस्टमध्ये त्याची रिट याचिकाही फेटाळली. तीन पायऱ्यांवर आई जिंकली होती. मग ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने सगळं उलटवलं आणि मुलाच्या बाजूने निकाल दिला. शेवटी २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल बाजूला सारून बक्षीसपत्र रद्द केलं आणि २८ फेब्रुवारीपर्यंत आईला ताबा द्यायला सांगितलं. अर्जापासून मोजली तर चार वर्षं झाली.

सगळा वाद ज्या मुद्द्यावर फिरला तो पहिल्या वाचनात खटकतो. मुलगा कसा वागला, हा मुद्दा वरच्या न्यायालयांत दुय्यम होता. मिळकत देताना आईने काही अट घातली होती का, आणि घातली असेल तर ती कोणत्या कागदावर, यावर कज्जा चालला.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे बक्षीस म्हणजे मोबदला न घेता, स्वखुशीने दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली मिळकत. स्थावर असेल तर नोंदणी हवी आणि दोन साक्षीदार हवेत. एवढं झालं की देणाऱ्याचा हक्क संपला. पुढे मन बदललं, पश्चात्ताप झाला, मुलगा कृतघ्न निघाला, तरी कलम १२६ परत घ्यायची वाट जवळजवळ बंद करतं. देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर रद्द होणारं बक्षीस कायद्याला चालत नाही. मुळातच दोघांनी ठरवलेली एखादी घटना घडली, आणि ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसली, तर ते मागे घेता येतं. नाहीतर फसवणूक, दबाव वगैरे दिवाणी न्यायालयात सिद्ध करायचे. ऐंशीच्या घरातल्या माणसाने दिवाणी दावा लावायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. काही जण दुय्यम निबंधकाकडे जाऊन एकट्याच्या सहीने 'रद्दपत्र' करायला निघतात. मुलाची सही नसलेल्या त्या कागदाने मुलाकडे गेलेला हक्क परत येत नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये कलम २३ घातलं गेलं. साठ वर्षं पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाने, हा कायदा लागू झाल्यानंतर, बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने मिळकत दिली. घेणाऱ्याने आपल्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवाव्यात या अटीवर दिली. आणि घेणाऱ्याने ते नाकारलं किंवा त्यात तो कमी पडला. तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाखाली झालं असं मानलं जाईल, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकेल. इथे 'मानलं जाईल' हे फार मोठं काम करतं. फसवणूक वेगळी सिद्ध करायचं ओझं त्याने उतरतं. अट होती आणि ती मोडली, एवढं दाखवलं की बाकीचं कायदा स्वतःच गृहीत धरतो.

पण 'या अटीवर' हे शब्दही त्याच कलमात आहेत. वर्षानुवर्षं अनेक अधिकारी त्यांच्याकडे कानाडोळा करत. म्हातारं माणूस समोर बसून रडतंय, मुलाच्या नावावर घर आहे, मग करा रद्द, असा सरळ हिशेब असे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. तिथे आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलं असं अर्जातसुद्धा म्हटलेलं नव्हतं. न्यायालय म्हणालं की माणूस आपल्या जवळच्यांना मिळकत देतो तेव्हा सांभाळण्याची अट आपोआप चिकटलेली नसते. पुष्कळदा तो काहीही परत न मागता, प्रेमाने देतो. अट होती असं म्हणणाऱ्याने न्यायाधिकरणापुढे ती सिद्ध केली पाहिजे. अट नाही तर कलम २३ नाही. भावनेला हा निकाल कठोर वाटतो, पण कायद्याचे शब्द पाहता तो चुकीचा म्हणवत नाही. उद्या भाऊबहिणींच्या भांडणात म्हाताऱ्या आईला पुढे करून धाकट्याचं घर काढून घ्यायचं, हा प्रकारही काही दुर्मीळ नाही.

आता छतरपूरकडे परत येऊ. त्या आईकडे दोन कागद होते. एक नोंदणीकृत बक्षीसपत्र. त्यात असा मजकूर होता की घेणारा देणारीला सांभाळतो आणि तिच्या शांत आयुष्यासाठी लागणारी सगळी तरतूद करतो. दुसरा कागद त्याच तारखेचं वचनपत्र. त्यात मुलाने लिहून दिलं होतं की आई-वडिलांची शेवटपर्यंत सेवा करीन, आणि न केल्यास आईला दिलेलं परत घेता येईल. मुलाचं म्हणणं होतं की वचनपत्र बनावट आहे.

खंडपीठाने कलम २३ अगदी काटेकोर वाचलं. हे कलम स्वतंत्र उभं आहे; न्यायाधिकरणाने फक्त बक्षीसपत्रात तशी अट आहे का एवढंच पाहायचं; या बक्षीसपत्रात ती स्पष्ट नाही; आणि वचनपत्रातलं बोलणं खरं असतं तर ते बक्षीसपत्रातच का लिहिलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. परत घेण्याचा अधिकार इतका महत्त्वाचा होता तर तो नोंदणी झालेल्या दस्तात असायला हवा होता. मसुदा करणाऱ्याने आईवर हा भुर्दंड लादला.

सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दुसरीकडून दिलं. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी केलेला आहे, तेव्हा त्याचा अर्थ त्याच्या हेतूकडे बघून लावायचा. कलम २३ त्या हेतूपासून तोडून एकटं वाचता येत नाही. बक्षीसपत्र आणि वचनपत्र एकाच वेळी सह्या झालेले कागद आहेत. ते एकत्र वाचले तर सांभाळण्याची अट दिसते आणि ती मोडल्यावर काय होणार तेही दिसतं. म्हणजे २०२२ च्या निकालाने मागितलेल्या दोन्ही गोष्टी, अट आणि तिचा भंग, इथे पुऱ्या होतात. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असं वर्तमानपत्रांतून वाचायला मिळालं, पण नीट पाहिलं तर तसं नाही. २०२२ चा निकाल म्हणतो अट सिद्ध करा. २०२५ चा म्हणतो अट शोधताना एकाच कागदाच्या चौकटीत अडकून पडू नका.

छतरपूरच्या निकालात ताब्याचाही प्रश्न सुटला. बक्षीसपत्र रद्द झालं तरी घरात मुलगाच राहत असेल तर कागदाचं काय करायचं? कलम २३ चे अधिकार वापरताना न्यायाधिकरण ताबा परत द्यायला आणि गरज पडली तर घराबाहेर काढायलाही सांगू शकतं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. नाहीतर जिंकलेल्या आईला ताब्यासाठी पुन्हा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली असती.

हेच महाराष्ट्रात कसं घडतं ते पाहू. आपल्याकडे मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. सवलत चांगली आहे, पण तिचा एक परिणाम असा की 'मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्रच करून टाका, पुढे भानगड नको' हा सल्ला सर्रास मिळतो. मग तयार मसुदा येतो. त्यात छापील वाक्यं असतात: 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी', 'कोणताही मोबदला न घेता', 'कायमस्वरूपी', 'यापुढे लिहून देणार यांचा सदर मिळकतीवर कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही'. निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा लागतो, घरी पेढे वाटले जातात. त्या चार पानांत सांभाळण्याचा एक शब्द नसतो, कारण तो मागणं आईला लाजिरवाणं वाटतं आणि मुलाला अपमानास्पद. नंतर प्रांतांच्या कार्यालयात अर्ज गेला की मुलाचा वकील नेमकी तीच छापील वाक्यं मोठ्याने वाचून दाखवतो.

मसुद्यात एक परिच्छेद वाढवला तर चित्र बदलतं. साधारण असा: 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना त्यांच्या हयातीत सदर घरात विनाअडथळा राहू द्यावे व त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व देखभाल स्वखर्चाने करावी, या अटीवर हे बक्षीसपत्र करून देत आहे. सदर अटीचा भंग झाल्यास लिहून देणार यांना सन २००७ च्या अधिनियमातील कलम २३ प्रमाणे हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा व ताबा परत घेण्याचा अधिकार राहील. ही अट लिहून घेणार यांना मान्य आहे.' शेवटचं वाक्य आणि त्याखाली मुलाची सही सोडू नये. अटीचा भंग मुलाच्या वागण्यावर अवलंबून आहे, आईच्या मर्जीवर नाही, म्हणून कलम १२६ चाही अडथळा येत नाही. आणि 'यापुढे कोणताही हक्क राहिलेला नाही' हे छापील वाक्य त्याच दस्तात तसंच ठेवायचं नाही. त्याला 'वरील अटीस अधीन राहून' एवढं जोडावं.

अट वेगळ्या वचनपत्रावर न ठेवता नोंदणीकृत दस्तातच हवी, याला आणखी एक कारण आहे. घर उद्या मुलाने विकायला काढलं तर घेणाऱ्याचा वकील किंवा कर्ज देणारी बँक निबंधकाच्या कार्यालयात शोध घेते. दस्तात अट असेल तर ती त्यांच्या डोळ्यांसमोर येते, आणि मला माहीत नव्हतं असं नंतर म्हणता येत नाही. कपाटातलं वचनपत्र त्यांना सावध करत नाही. पूर्ण किंमत मोजून, काहीच माहीत नसताना घर घेणाऱ्या तिसऱ्या माणसापर्यंत प्रकरण गेलं की ज्येष्ठाची बाजू फार अवघड होते. छतरपूरच्या आईची मिळकत मुलाकडेच होती, हे तिचं नशीब.

अट आहे असं धरू. आता भंग दाखवायचा. इथे अर्ज ढिले पडतात. 'मुलगा नीट बोलत नाही', 'सून उलट उत्तरं देते' याने पान भरतं, आणि कलम विचारतं मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजांबद्दल. तेव्हा दाखवायच्या गोष्टी रोजच्या असतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं बिल आईने स्वतःच्या पेन्शनमधून भरलं, त्याची पावती आणि पासबुकातली नोंद. रुग्णालयात संमतीपत्रावर शेजाऱ्याची सही. घरातल्या एका खोलीपुरतं राहायला सांगून स्वयंपाकघराला कुलूप, त्याचा फोटो. वीज तोडलेली. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, मग ती कितीही क्षुल्लक वाटो. आणि अर्जाच्या आधी मुलाला स्पीड पोस्टाने पाठवलेलं एक साधं पत्र: औषधांचा खर्च महिन्याला इतका येतो, तो दे, जेवणाची सोय कर. त्याला उत्तर न येणं किंवा नकार येणं, दोन्ही पुढे उपयोगी पडतात, कारण कलमातला 'नाकारलं किंवा कमी पडला' हा भाग त्यातून तारखेसह उभा राहतो.

मुलाचं ठरलेलं उत्तर असतं, 'हे सगळं बहीण करवतेय.' ते कधी कधी खरंही असतं. म्हणून अर्ज आईच्या भाषेत, तिच्या सहीने असावा आणि सुनावणीला ती स्वतः बोलू शकत असेल तर तिनेच बोलावं. बक्षीस रद्द करायचं की नाही ही निवड कायद्याने देणाऱ्याच्या हातात ठेवली आहे. अधिकारी चार साधे प्रश्न विचारतात: घर परत मिळालं तर कुठे राहणार, कोण सोबत असेल, मुलाने आता सांभाळायचं कबूल केलं तर चालेल का. या प्रश्नांना तिची उत्तरं आणि अर्जातला मजकूर जुळला नाही तर अर्ज तिथेच लंगडा पडतो. मुलाने सुनावणीत अचानक सांभाळायची तयारी दाखवली तर ती लेखी, रकमेसह आणि तारखेसह नोंदवून घ्यावी. दोन महिन्यांनी पुन्हा तेच घडलं तर भंगाचा याहून पक्का पुरावा नाही.

महाराष्ट्रात हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे जातो. कलम २३ मध्ये अर्जासाठी मुदत घातलेली नाही, तरी वर्षानुवर्षं गप्प राहून मग जाणं शहाणपणाचं नाही. कलम १६ च्या शब्दांत साठ दिवसांत अपील करायचा हक्क ज्येष्ठ नागरिकाला किंवा पालकाला दिलेला आहे. मुलांना तो आहे का यावर उच्च न्यायालयांत मतभेद झालेले आहेत, त्यामुळे हरलेला मुलगा बहुधा थेट रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात पोचतो. प्रांतांचा आदेश हातात आला म्हणजे संपलं, असं म्हणूनच समजू नये.

घरात सून आणि नातवंडं असतील तर आणखी एक गाठ असते. डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या आधाराने सुनेचा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा राहत्या घराचा हक्क परस्पर पुसून टाकता येत नाही; दोन्ही कायदे एकत्र बसवून वाचावे लागतात. मुलाने घर सोडून दिलेलं आहे आणि सून मुलांसह तिथे राहतेय, अशा घरात बक्षीसपत्र रद्द होणं आणि ताबा मिळणं या दोन वेगळ्या लढाया ठरतात. सासूने मुलाशी संगनमत करून सुनेला बाहेर काढायला हा मार्ग वापरलाय का, हे न्यायालय बघणारच, आणि बघावंच.

आदेश कायम झाल्यावरचं काम कंटाळवाणं असतं पण तेच राहून जातं. आदेशाची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडे द्यायची, म्हणजे मूळ बक्षीसपत्राच्या नोंदीपाशी रद्द झाल्याचा शेरा पडेल. मग नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करून मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर आईचं नाव परत लावून घ्यायचं. फ्लॅट असेल तर सोसायटीचा भागदाखला आणि वारसनोंद, शिवाय घरपट्टी आणि वीजबिल. यातलं एखादं राहिलं तर मुलाचं नाव त्या कागदावर तसंच राहतं, आणि त्या कागदावर त्याला कर्ज काढायचा प्रयत्न करता येतो. अर्ज प्रलंबित असतानाही हा धोका असतो, म्हणून अर्जासोबतच 'निकाल लागेपर्यंत मिळकत विकू नये, गहाण ठेवू नये' असा अंतरिम आदेश मागावा आणि त्याची प्रत निबंधक, सोसायटी आणि बँक यांना पोचती करावी.

राहता राहिले ते लोक, ज्यांची बक्षीसपत्रं आधीच झाली आहेत आणि ज्यांत अट नाही. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असा की दुसरा कुठला कागद आहे का. त्याच सुमाराचं मुलाचं पत्र, मोबाइलवरचा 'घर माझ्या नावावर कर, मी तुला शेवटपर्यंत बघतो' हा संदेश, घरगुती वाटणीच्या बैठकीचा सह्यांचा कागद. छतरपूरच्या निकालामुळे अशा गोष्टींना बक्षीसपत्रासोबत ठेवून वाचायला जागा झाली आहे, पण त्या बक्षीसाच्या वेळच्या असाव्यात. भांडण सुरू झाल्यानंतरचं आश्वासन त्या अटीचं काम करत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन 'प्रेमापोटी' या शब्दांतच सांभाळण्याची अट गृहीत धरता येते असं म्हटलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही, आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांशी त्याचा मेळ घालणं सोपं नाही. त्यावर एकट्यावर भिस्त ठेवून अर्ज करू नये. असा एकही कागद नसेल तर बक्षीसपत्र तसंच राहतं असं धरून चालावं आणि त्याच कायद्याखाली निर्वाह भत्ता मागावा. त्याची केंद्रीय कायद्यातली कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे, तो मुलांकडून मागता येतो, आणि त्यासाठी मिळकतीच्या कागदात कसलीही अट असावी लागत नाही. सही फसवून घेतली असेल, 'पेन्शनचा कागद आहे' म्हणून अंगठा लावून घेतला असेल, तर ते कलम २३ चं प्रकरणच नव्हे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागायचा, आणि तिथे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत चालू झालेली असते.